काटकोन त्रिकोण : शिडी, कर्ण आणि वावर यांची उदाहरणे

पायथागोरसच्या प्रमेयावर आधारलेली शाब्दिक उदाहरणे. काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेएवढा असतो. दोन बाजू माहीत असल्या की तिसरी वर्गमूळ काढून मिळते. महाराष्ट्रात सातवीत या प्रमेयाची ओळख होते आणि दहावीच्या गणित भाग २ मध्ये त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. सूत्र बहुतेकांना पाठ असते. उदाहरण चुकते ते त्याआधी, काटकोन कुठे आहे आणि त्याच्या समोरची बाजू कोणती हे न ठरवताच आकडे सूत्रात घातल्यामुळे.

काटकोन शब्दांत क्वचितच सांगितलेला असतो. ‘भिंतीला शिडी टेकवली’ यात भिंत जमिनीशी काटकोन करते हे गृहीत असते. ‘आयताकृती वावर’ म्हटले की चारही कोपरे काटकोनी झाले. ‘उत्तरेकडे गेला, मग पूर्वेकडे वळला’ यात वळणाच्या जागी काटकोन असतो. म्हणून आधी कच्ची आकृती काढावी, काटकोनाच्या जागी छोटा चौकोन करावा, त्याच्या समोरच्या बाजूवर ‘कर्ण’ लिहावे आणि मगच दिलेली मापे त्या त्या बाजूंवर मांडावीत. कर्ण शोधायचा असेल तर वर्गांची बेरीज येते, कर्ण दिलेला असेल तर वजाबाकी.

शिडी. २५ फुटांची शिडी, तिचा पाय भिंतीपासून ७ फुटांवर. टोक किती उंचीवर? काटकोन भिंतीच्या पायथ्याशी आहे आणि त्याच्या समोर शिडी, म्हणजे शिडी हाच कर्ण. ६२५ मधून ४९ वजा करून ५७६ आणि वर्गमूळ २४ फूट. घाईने बेरीज केली तर ६७४ येतात आणि उत्तर सुमारे २५.९६ फूट निघते. शिडी स्वतःच्या लांबीपेक्षा उंच पोचू शकत नाही, म्हणजे चूक उत्तरातच दिसते. कर्ण तिन्ही बाजूंत सर्वांत मोठा, पण दोन बाजूंच्या बेरजेपेक्षा लहान. कोणतेही उत्तर या कसोटीला लावून पाहावे.

आता शिडीचे टोक ४ फूट खाली घसरले. पायही ४ फूटच सरकला असेल असे सहज वाटते. उंची २० झाली, कर्ण मात्र २५ च राहिला. ६२५ वजा ४०० म्हणजे २२५, वर्गमूळ १५. पाय ७ वरून १५ वर, म्हणजे ८ फूट सरकला. घसरण्याआधी आणि नंतर असे दोन वेगळे काटकोन त्रिकोण आहेत. त्यांत समान राहते ती फक्त शिडीची लांबी.

मोडलेला बांबू. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील (११५०) एक उदाहरण कर्ण ओळखण्याचीच कसोटी घेते. ३२ हात उंचीचा बांबू वाऱ्याने मोडला आणि त्याचे टोक बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकले. तो किती उंचीवर मोडला? इथे ३२ ही त्रिकोणाची कोणतीच बाजू नाही. उभा राहिलेला भाग ही एक बाजू, पडलेला तुकडा हा कर्ण आणि ३२ ही त्या दोघांची बेरीज. उभा भाग क्ष मानला तर कर्ण ३२ − क्ष. समीकरण : क्ष² + २५६ = (३२ − क्ष)². दोन्हीकडचे क्ष² जाऊन ६४ क्ष = ७६८ उरते; क्ष = १२, कर्ण २०. ताळा : १४४ आणि २५६ मिळून ४००. ३२ ला कर्ण समजणाऱ्याला ही वाट सापडतच नाही.

संत्र्याची बाग. नागपूर जिल्ह्यात काटोल, नरखेडकडे संत्र्याची लागवड ६ मीटर बाय ६ मीटर अंतरावर करण्याची पद्धत रूढ आहे. इथे काटकोन मिळालेला नसतो, तो आखावा लागतो, आणि त्यासाठी प्रमेयाचा व्यत्यास कामी येतो : बाजू ३, ४, ५ च्या प्रमाणात असतील तर ५ समोरचा कोन काटकोन असतो. धुऱ्याला समांतर पहिली दोरी ताणायची, कोपऱ्यावर खुंटी ठोकायची, एका दिशेला ३ आणि दुसऱ्या दिशेला ४ मीटरवर खूण करायची, आणि दोन खुणांमधले अंतर नेमके ५ मीटर होईपर्यंत दुसरी दोरी सरकवायची. दोरीने काटकोन आखण्याचे ज्ञान शुल्बसूत्रांइतके जुने आहे. आयताच्या कर्णावरचे क्षेत्र दोन्ही बाजूंवरच्या क्षेत्रांएवढे असते, हे बौधायनाने दोरीच्याच भाषेत मांडले.

मात्र ३-४-५ मीटरचा त्रिकोण बागेसाठी फार लहान पडतो. दोरी थोडी ढिली राहून ५ मीटरच्या मापात ५ सेंटिमीटरची चूक झाली, तर कोन सुमारे सव्वा अंशाने हलतो आणि १०० मीटर लांबीच्या ओळीचे शेवटचे झाड दोन मीटरहून अधिक बाजूला जाते. तेच माप १८, २४, ३० मीटर घेतले तर तेवढ्याच चुकीने शेवटचे झाड सुमारे ३५ सेंटिमीटरच हलते. प्रमाण तेच, त्रिकोण सहापट मोठा, चूक सहापट लहान. जागा असेल तेव्हा मोठाच त्रिकोण घ्यावा.

खड्डे खणण्याआधी शेजारशेजारच्या कोणत्याही चार खुंट्यांचा कर्ण मोजून पाहता येतो. तो किती यावा? ६ मीटरच्या दोन बाजूंचे वर्ग ३६ आणि ३६ मिळून ७२; ७२ चे वर्गमूळ भागाकार पद्धतीने काढताना प्रथम ८ येतात, बाकी ८. तिच्यापुढे दोन शून्ये घेतली की ८०० होतात; दुप्पट १६ पुढे ४ ठेवून १६४ × ४ = ६५६, बाकी १४४. पुढे १४४०० मध्ये १६८८ × ८ = १३५०४ बसतात. उत्तर ८.४८ आणि थोडे अधिक, म्हणजे ८.४९ मीटर. ६ आणि ६ ची बेरीज १२ लिहिणारा वर्गमूळ बेरजेवर वाटतो; ते तसे वाटता येत नाही. एक कर्ण ८.३० आणि दुसरा ८.६६ भरला, तर चारही बाजू ६ मीटर असूनही चौरस तिरका झाला आहे.

वावर. १९८ फूट बाय २२० फुटांचे वावर बरोबर ४३,५६० चौरस फूट, म्हणजे एक एकर किंवा ४० गुंठे भरते. त्याचा कर्ण ३९,२०४ आणि ४८,४०० यांच्या बेरजेचे, म्हणजे ८७,६०४ चे वर्गमूळ : जवळपास २९६ फूट. धुऱ्याने चालून समोरच्या कोपऱ्यावर जायला ४१८ फूट लागतात, तिरपे गेले तर १२२ फूट वाचतात. पाठ्यपुस्तकातले उदाहरण इथे संपते.

प्रत्यक्ष वावरात उलट प्रश्न असतो. समोरासमोरच्या धुऱ्यांच्या जोड्या सारख्याच, १९८ आणि २२० भरल्या, पण टेपने कर्ण २६० फूट आला. ६७,६०० हे ८७,६०४ पेक्षा कमी, म्हणून ज्या कोपऱ्यासमोर तो कर्ण आहे तो कोन काटकोनापेक्षा लहान आहे आणि वावर आयत नसून समांतरभुज चौकोन आहे. लांबी गुणिले रुंदी इथे चालत नाही. कर्णाने झालेल्या एका त्रिकोणाचे क्षेत्र हेरॉनच्या सूत्राने काढायचे : अर्धपरिमिती ३३९, आणि ३३९ × १४१ × ११९ × ७९ चे वर्गमूळ सुमारे २१,१९८. दोन्ही त्रिकोण मिळून ४२,३९६ चौरस फूट. फक्त धुरे मोजून एकर धरलेल्या जमिनीत ११६४ चौरस फूट, म्हणजे एका गुंठ्याहून थोडी जास्त जागा कमी भरते.