डाग, मळ, माती

काही वर्षं मी मुंबईतल्या डबिंग स्टुडिओंत हिंदी-इंग्रजी जाहिराती मराठीत उतरवायचं काम केलं. नवा अनुवादक आला की तिथले एक ज्येष्ठ सहकारी त्याच्यापुढे एकच ओळ ठेवत, 'डर्ट इज गुड'. तीनच शब्द, तेही पहिलीतल्या मुलाला येतील असे. माणूस हसत पेन उचलायचा आणि अर्ध्या तासाने कपाळाला आठ्या घालून बसलेला दिसायचा. मीही तसाच बसलो होतो.

ही ओळ युनिलिव्हर कंपनीच्या धुण्याच्या पावडरींची. वेगवेगळ्या देशांत त्या पावडरींची नावं वेगळी, आपल्याकडे सर्फ एक्सेल. सर्फ भारतात आली १९५९ साली. तेव्हापासून पुढची काही दशकं धुण्याच्या पावडरींच्या जाहिराती बहुतेक एकच गोष्ट सांगत राहिल्या, की मळ हा शत्रू आहे आणि शेजारणीपेक्षा तुमची चादर पांढरी हवी. अशा वेळी मळच चांगला असं म्हणणं म्हणजे वैद्याने रोगाचं कौतुक करण्यासारखं. पण त्यामागचा विचार सरळ होता. मूल खेळतं, पडतं, शिकतं, त्यात कपडे मळतात. तेव्हा मुलाला अडवू नका, कपड्यांचं आम्ही बघतो.

हिंदीत २००५च्या सुमारास 'दाग अच्छे हैं' आलं. ती जाहिरात अनेकांना आठवत असेल. शाळेतून येताना बहीण चिखलात पडते, रडते, आणि भाऊ त्या चिखलालाच बुक्क्या मारत सुटतो. हिंदी लेखकाने इथे एक मोठी गोष्ट गुपचूप केली. त्याने 'डर्ट'चं भाषांतर केलंच नाही. 'गंदगी अच्छी है' म्हटलं असतं तर ऐकणाऱ्याने नाक मुरडलं असतं. त्याने कारण सोडून परिणाम उचलला. माती नव्हे, मातीचा कपड्यावर उरलेला ठसा. शिवाय त्याआधी एक अट घातली, की डाग लागल्याने काही चांगलं होत असेल, तर डाग चांगले. त्या 'तर'मुळे विधान सिद्धान्त न राहता समजूतदार आईचा निष्कर्ष झालं.

आता मराठी. पहिली अडचण 'डर्ट'ची. इंग्रजीत अंगणातली माती, कॉलरवरची काळी रेघ आणि गटारातली घाण या सगळ्यांना तो एक शब्द पुरतो. मराठीत माती वेगळी, धूळ वेगळी, चिखल वेगळा, मळ वेगळा आणि घाण तर फारच वेगळी. माती आपल्याला प्रिय आहे, 'माती चांगली' म्हटलं तर शेतकरी मान डोलावेल, पण पावडर विकत घेणार नाही. मळ अंगाचा असतो, मनाचाही असतो. आणि घाणीला वास असतो. तिच्यामागे शिवाशिवीचा, कोणी कोणाची घाण काढायची याचा इतिहास उभा असतो. 'घाण चांगली' ही ओळ मराठीत विनोद म्हणूनही निभत नाही.

मग हिंदीच्या मागून जाऊन 'डाग चांगले आहेत' म्हणावं, तर दुसरी अडचण. हिंदीचा 'दाग' आणि आपला 'डाग' भावंडं असली तरी एका घरात वाढलेली नाहीत. मराठीत कपड्यावर डाग पडतो. लागतो तो बहुधा नावाला. 'डाग लागल्याने' असं हिंदीवरून उचललं की मराठी कानाला आधी अब्रू आठवते, मग सदरा. गावाकडे पोट दुखलं की तापल्या लोखंडाने डाग देत, तोही डागच. आणि गंमत म्हणजे सोन्याची वस्तू हाही डागच. 'लेकीच्या अंगावर चार डाग घातले' म्हणणारी आजी तिच्या लग्नाबद्दल बोलत असते. तिला 'डाग चांगले' हे कोणी समजावून सांगायला नको.

व्याकरणाचीही एक बारीक गोम आहे. 'डाग चांगले आहेत' म्हटलं की कोणते, हे समोरचे का, असं वाटतं, जसं 'आंबे चांगले आहेत'. सर्वसाधारण सत्य सांगायला मराठी 'असतात' वापरते. पण 'डाग चांगले असतात' हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य झालं, आणि लांबही. शेवटच्या चित्रावर पुडा दिसतो तेवढ्या दोन-तीन सेकंदांत आवाजाने ओळ संपवायची असते. हिंदीची ओळ चार ठोक्यांत संपते, ही त्याहून जास्त घेते. त्यात मराठी नसलेल्या कलाकाराने 'चांगले'चा च 'चिमणी'तल्यासारखा उच्चारला, की ओळ भाषांतरित आहे हे ऐकणाऱ्याला तत्क्षणी कळतं.

मी त्या दिवशी आठ-दहा ओळी लिहिल्या आणि घरी आईला वाचून दाखवल्या. आईने गिरगावात बावीस वर्षं लोकांची धुणी धुतली होती. दगडावर धोपटणं, पिळे काढणं, वरच्या गॅलरीत वाळत घालणं. सोड्याने तिच्या बोटांची पेरं हिवाळ्यात फुटायची. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "हे कोणाच्या तोंडी आहे? धुणारीच्या, की घालणाऱ्याच्या?"

मला उत्तर देता आलं नाही. मग ती आपणहून बोलली. शाळेत मी मळका सदरा घालून गेलो म्हणून मास्तरांनी मला वर्गाबाहेर उभं केलं होतं, ते मी विसरलो होतो, ती नव्हती. तेव्हापासून ती माझ्यासाठी कापड घेताना दुकानदाराला म्हणायची, "मळखाऊ रंग दाखवा." हा शब्द मी शेकडो वेळा ऐकला होता, पण त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. मळ खाऊन टाकणारा रंग. रोज धुवायला वेळ, पाणी आणि दुसरा सदरा नसलेल्या माणसांनी घडवलेला शब्द. जाहिरातीने जे बोलायला एवढा खटाटोप केला, त्याच्या बरोबर उलट्या टोकाला तो उभा आहे. एका घरात डाग दिसला तरी चालतो, कारण तो उद्या जाईल. दुसऱ्यात तो दिसताच कामा नये, कारण उद्याही हाच सदरा आहे.

"मूल मळणारच," आई म्हणाली. "मळू दे की. त्याला चांगलं-वाईट कशाला म्हणायचं?"

'मळू दे की.' पुढे मला कळलं की ब्राझीलमधल्या याच कुळातल्या पावडरीची ओळ अशीच क्रियापदावर उभी आहे. मळण्याने भलं होतं, अशा अर्थाची. तिथेही माती, घाण असलं काही नाम नाही, कोणीतरी मळतंय एवढंच आहे. नाम काढून टाकलं की घाण, डाग, अब्रू सगळं मागे राहतं आणि समोर फक्त खेळणारं मूल उरतं. मराठी बोलीत आपण असंच बोलतो. 'पावसात भिजणं चांगलं' असं कोणी म्हणत नाही, 'भिजू दे गं त्याला' म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मी तेवढीच ओळ नेली. ज्येष्ठांनी ती दोनदा मोठ्याने म्हणून पाहिली. चार ठोके, उच्चाराला अडथळा नाही. मग म्हणाले, "मराठी झालंय. पण यात पावडर कुठे आहे? डाग म्हटलं की तो काढणारं कोणीतरी लागतं. 'मळू दे की' म्हटलं की आई घरात निघून जाते, गिऱ्हाईक राहत नाही."

काम मला मिळालं, ते पुढे साबणाच्या एका वडीसाठी. त्या संध्याकाळी आईला सांगितलं तेव्हा ती मोरीत बसून माझाच सदरा चोळत होती. कॉलरवर साबणाची वडी फिरवत तिने विचारलं, "किती देणार आहेत?"