पन्नास हजार पीडितांची मोजदाद

युगांडाच्या उत्तर भागात लुकोडी नावाचे गाव आहे. बंडखोरांच्या भीतीने आसपासची माणसे तिथल्या विस्थापितांच्या छावणीत राहायला आली होती. १९ मे २००४ रोजी ‘लॉर्ड्‌स रेझिस्टन्स आर्मी’ या बंडखोर टोळीने या छावणीवर हल्ला केला, झोपड्या पेटवल्या, माणसे मारली. पाजुले, ओडेक आणि अबोक इथल्या छावण्यांवरही असेच हल्ले झाले. या गुन्ह्यांबद्दल डॉमिनिक ओंगवेन या टोळीनायकाला हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये ६१ आरोपांवर दोषी ठरवले आणि पुढे २५ वर्षांची शिक्षा दिली. ओंगवेन स्वतः लहानपणी शाळेच्या वाटेवरून याच टोळीने पळवून नेलेला मुलगा होता, ही या खटल्यातली विचित्र गोष्ट.

न्यूरेंबर्गच्या खटल्यात पीडित माणूस फार तर साक्षीदार होता. साक्ष झाली की त्याचे काम संपले. १९९८ च्या रोम करारापासून चित्र बदलले. हेगच्या न्यायालयात पीडितांना आपल्या वकिलामार्फत बाजू मांडता येते आणि आरोपी दोषी ठरल्यावर भरपाईही मागता येते. ओंगवेनच्या खटल्यात असे सुमारे चार हजार पीडित सहभागी झाले. इतक्या जणांना एकेकटे बोलायला उभे करणे अशक्यच होते, म्हणून वकिलांच्या दोन तुकड्या त्या सर्वांच्या वतीने बोलत. गावातल्या आपल्या अशिलाचे नेमके म्हणणे हेगपर्यंत पोचवायचे, तर वकिलाला आधी अचोली बोलणाऱ्या त्या मुलखात जावे लागे.

पण खरा पेच निकालानंतर सुरू होतो. भरपाई कोणाला द्यायची? जे अर्ज करू शकले, त्यांनाच? की ज्यांना झळ पोचली, त्या सगळ्यांना?

याआधीच्या एका प्रकरणात न्यायाधीशांनी पहिला मार्ग धरला होता. काँगोतल्या बोगोरो गावावर २४ फेब्रुवारी २००३ रोजी झालेल्या हल्ल्याबद्दल जर्मेन कटांगा दोषी ठरला. न्यायाधीशांनी ३४१ अर्ज एकेक करून तपासले. घर होते का, गुरे किती गेली, मेलेला माणूस नात्याने कोण, असे सारे पाहून २९७ जण पात्र ठरवले आणि प्रत्येकाला प्रतीकात्मक २५० डॉलर मंजूर केले. हा आदेश मार्च २०१७ चा, म्हणजे हल्ल्यानंतर चौदा वर्षांनी. एवढ्या छाननीने विनाकारण वेळ गेला, असे पुढे अपील न्यायासनानेच म्हटले. तीनशेंना एवढा वेळ, तर पन्नास हजारांना किती?

म्हणून ओंगवेनच्या प्रकरणात न्यायाधीशांनी वाट बदलली. फेब्रुवारी २०२४ च्या आदेशात त्यांनी पीडितांची संख्या सुमारे ४९,७७२ धरली. आकडा पाहून वाटते की कुणी घरोघर जाऊन मोजले असावे. प्रत्यक्षात तो उपलब्ध पुराव्यांवरून काढलेला अंदाज आहे. त्यात हल्ल्यात सापडलेले छावणीवासी आले, पळवून सैनिक बनवलेली मुले आली, जबरदस्तीने ‘बायको’ केलेल्या स्त्रिया आल्या आणि त्या अत्याचारांतून जन्मलेली मुलेही आली. प्रत्येकाचे नुकसान वेगळे न मापता सर्वांना सारखेच ७५० युरो, म्हणजे एकूण ३ कोटी ७३ लाख २९ हजार. शिवाय उपचार आणि पुनर्वसनाच्या सामूहिक कामांसाठी दीड कोटी, आणि समाजासाठी स्मारकासारख्या प्रतीकात्मक उपायांना एक लाख. सगळी बेरीज ५ कोटी २४ लाख २९ हजार युरो.

सारखी रक्कम हा अन्याय नाही का? घर गमावलेला आणि मुलगा गमावलेला एकाच रांगेत! आक्षेप खोटा नाही. मात्र प्रत्येकाच्या दुःखाचे मोल ठरवत बसलो, तर म्हातारे पीडित आदेशाची वाट पाहतच जातील, हे त्याचे उत्तर. मला ते पटते.

हे पैसे देणार कोण, हा प्रश्न उरतोच. ओंगवेन निर्धन. त्यामुळे भार पीडितांसाठीच्या विश्वस्त निधीवर येतो, आणि तो निधी मुख्यतः देशांच्या ऐच्छिक देणग्यांवर चालतो. ही एवढी रक्कम त्याच्या तिजोरीत पडून नव्हती. एप्रिल २०२५ मध्ये अपिलातही आदेश कायम झाला, पण आदेश कायम होणे आणि पैसे हातात पडणे यांत मोठे अंतर आहे.

शिवाय अंदाजातल्या माणसाला खऱ्या माणसापर्यंत आणायचे आहे. छावण्या कधीच उठल्या, माणसे आपापल्या गावी परतली, काही शहरांत गेली. ज्याचे घर जळले, त्याचे कागदही जळले. पळवून नेलेली स्त्री नव्या संसारात मागचे बोलायला धजत नाही. पात्रता ठरवण्याचे काम म्हणूनच न्यायाधीशांकडे न ठेवता न्यायालयाच्या कार्यालयाकडे दिले आहे, आणि ज्यांची निकड मोठी आहे त्यांना आधी घ्यावे असे सांगितले आहे.

खटला चालू असताना त्याची बातमी तिथे पोचली, ती बरीचशी रेडिओवरून आणि गावागावांतल्या सभांतून. आता भरपाईची बातमीही याच वाटेने जायची. ऐकणारा विचारणार, “पैसे कधी मिळतील?” आणि सांगणाऱ्याजवळ अजून तारीख नाही.