कॉन्ट्रास्टजन्य मूत्रपिंड-इजा

सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफीसाठी शिरेतून वा धमनीतून दिलेल्या आयोडीनयुक्त द्रव्यानंतर मूत्रपिंडाचे कार्य अचानक घटणे. हे द्रव्य मूत्रपिंडाच्या आतील भागाचा रक्तपुरवठा कमी करते आणि सूक्ष्मनलिकांच्या पेशींना इजा करते. लघवी बहुधा नेहमीसारखीच होते. रक्तातील क्रिएटिनीन (→ क्रिएटिनीन) मात्र ४८ तासांत ०.३ मिग्रॅ. प्रति डेसिलिटर किंवा अधिक वाढते. खरा धोका गाळणक्षमता ३० मिलि. प्रति मिनिटाखाली असलेल्यांना. निरोगी मूत्रपिंडाला तो अत्यल्प. धोका असलेल्या ६० किग्रॅ. वजनाच्या रुग्णाला तपासणीआधी व नंतर काही तास सलाइन (→ सलाइन) ताशी सुमारे ६० मिलि. देतात, हृदय दुर्बल असल्यास कमी. तातडीची नसलेली दुसरी कॉन्ट्रास्ट-तपासणी क्रिएटिनीन पुन्हा पाहूनच करतात. जीव वाचवणारी तपासणी मात्र या भीतीने लांबवत नाहीत.