आधी हातोडा, मग चेंडू

२१ नोव्हेंबर २०१९, हॉथॉर्न, कॅलिफोर्निया. टेस्लाच्या सायबरट्रकचं अनावरण रात्री ८ वाजता जाहीर झालेलं आहे.

कार्यक्रमाच्या थोडं आधी. मुख्य डिझायनर फ्रान्झ फॉन होल्झहाउझन गाडीच्या काचेवर पोलादी चेंडू फेकून पाहतात. काच शाबूत राहते. या तालमीची चित्रफीत इलॉन मस्क यांनी नंतर स्वतःच दाखवली. तीत फक्त चेंडू आहे, हातोडा नाही.

रात्री ८ नंतर. मस्क बोलू लागतात आणि गाडी मंचावर येते. इथून पुढे प्रत्येक दाव्यानंतर फ्रान्झ यांनी एक कृती करायची, असा बेत आहे.

पहिली कृती. फ्रान्झ घण उचलतात. साध्या गाडीच्या दाराला पोचा पडतो, सायबरट्रकच्या पोलादी दाराला काहीच होत नाही. टाळ्या पडतात. पण पत्रा वाकला नाही, म्हणून धक्का जिरला असं नव्हे. दारातली काच त्याच दारात बसवलेली असते आणि काचेचा सगळ्यात नाजूक भाग म्हणजे तिची कड. खालची कड दाराच्या आत लपलेली असल्यामुळे तिला तडा गेला, तरी मंचावरून कुणाला दिसणार?

दुसरी कृती. सुट्या काचांवर उंचावरून चेंडू सोडतात. साधी काच फुटते, टेस्लाची टिकते. ही काच मात्र वेगळी, घणाचा धक्का न लागलेली.

तिसरी कृती. मस्क खऱ्या खिडकीवर चेंडू मारायला सांगतात. फ्रान्झ खात्री करून घेतात आणि फेकतात. काचेवर जाळं उमटतं, मस्क यांच्या तोंडून शिवी निघते.

लगेच पुढे. खरं तर इथेच थांबायला हवं होतं. पण मागच्या खिडकीवरही चेंडू बसतो आणि तीही तडकते. चेंडू आरपार गेला नाही, एवढंच समाधान मस्क यांना उरतं. किंमत, पल्ला, वेग, सगळं सांगताना मागे दोन फुटक्या खिडक्या!

दुसरा दिवस. समभाग सुमारे ६ टक्के घसरतो. गंमत अशी की आगाऊ नोंदणी मात्र जोरात चालते. २३ तारखेला मस्क १,४६,००० चा आकडा सांगतात. अनामत फक्त १०० डॉलर होती, हेही ध्यानात घ्यावं.

त्यानंतर. मस्क खुलासा करतात: दारावरच्या घावानं काचेचा पाया तडकला, आधी चेंडू आणि मग हातोडा, असा क्रम हवा होता. हा खुलासा कंपनीच्या प्रमुखाचाच आहे, त्रयस्थ तपासणीचा नव्हे. तरी मला तो पटतो. संहितेतली प्रत्येक कृती वस्तूची अवस्था बदलते, आणि पुढची कृती त्या बदललेल्या वस्तूवर होते. म्हणून सुट्या कृतींची तालीम पुरत नाही. अख्खा क्रम एकाच गाडीवर करून पाहायला हवा, नाहीतर घणासाठी दुसरं दार आणायला हवं.

३० नोव्हेंबर २०२३ ला ऑस्टिनमध्ये पहिल्या गाड्या ग्राहकांच्या हाती देताना फ्रान्झ यांनी पुन्हा खिडकीवर फेक केली. या वेळी त्यांच्या हातात बेसबॉल होता, आणि काच फुटली नाही.