ताळी, झील आणि चलती

‘गरबा’ हा शब्द ‘गर्भ’ किंवा ‘गर्भदीप’ यांवरून आला, असे सहसा सांगितले जाते. नवरात्रात छिद्रांच्या मातीच्या घटात दिवा ठेवतात. तो घट म्हणजे गरबो, त्याभोवतीचे गाणे गरबो आणि त्यावरचा नाचही गरबोच. असे गाणे रचायचे कसे, याची बरीचशी उत्तरे गुजरातीतल्या आणखी तीन शब्दांत सापडतात.

पहिला शब्द ‘ताळी’. संस्कृतात ‘तल’ म्हणजे तळवा आणि ‘ताल’ म्हणजे तळव्यांचा आघात. गुजरातीने ‘त’ राखला. मराठीने टाळी आणि टाळ म्हणताना ‘ट’ केला, पण संगीतातला ‘ताल’ तसाच ठेवला. ‘त्रण ताळी’च्या गरब्यात साधारणपणे तीन पावलांवर टाळी पडते आणि चौथ्या पावलावर हात मोकळे सुटतात. आपले तबलजी ज्याला खाली किंवा काल म्हणतात, तशीच ही जागा.

हींच हा गरब्याचा आवडता, सहा मात्रांचा झुलता ठेका. ‘हींचको’ म्हणजे झोपाळा, तोच झोका या नावात आहे. प्रत्येक पावलाला तीन मात्रा धरल्या, तर चार पावलांची ओळ बारा मात्रांची होते. मुंबईच्या एखाद्या मराठी-गुजराती सोसायटीसाठी मराठीत गरबा लिहायचा झाला, तर ती अशी बसेल: ‘दीप लाव, फेर धर ग’. टाळ्या दी, ला आणि फे या अक्षरांवर पडतात. ‘धर ग’ला हात मोकळे. ‘दीप’ऐवजी ‘दिवा’ घेतला, तर मात्रा तीनच राहतात, पण टाळी ऱ्हस्व ‘दि’वर पडते आणि जोर पुढच्या ‘वा’वर जातो. मग टाळी आणि शब्द एकमेकांना चुकवू लागतात. टाळीखाली गुरू अक्षर हवे, ते याचसाठी.

दुसरा शब्द ‘झीलवुं’. एकजण गवडावते, म्हणजे गाऊन पुढे देते, आणि बाकीच्या झीलतात. ‘झीलवुं’ म्हणजे झेलणे. चेंडू झेलतात तशी ओळ झेलायची. मराठीत पोवाड्यातले झीलकरी हेच काम करतात. त्यामुळे झिलीची ओळ पहिल्यांदा ऐकून लगेच परत म्हणता येईल अशी हवी. ‘रात आज जागते ग’ ही चालेल. ‘रात्र आज’ केले तरी मात्रा बदलत नाहीत, पण लय वाढल्यावर ‘त्र’ जिभेला अडवतो. दोन्ही ओळींच्या शेवटी ‘ग’ ठेवला, तो झेलणाऱ्यांना ओळ संपल्याचे कळावे म्हणून.

तिसरा शब्द ‘चलती’. मराठीत ज्याची चलती असते त्याचे बरे चाललेले असते. गुजरातीत ती गाण्याची द्रुत लय. इथेच बहुतेक नवी गाणी फसतात. समजा, सुरुवातीला सेकंदाला एक पाऊल पडते आणि शेवटी दोन. ‘दीप लाव, फेर धर ग’ या ओळीची नऊ अक्षरे आधी चार सेकंदांत म्हणायची होती, आता दोन सेकंदांत. म्हणजे तोंडाचा वेगही दुप्पट. नाचून धाप लागलेल्या घोळक्याला ते जमत नाही. आधी ओळीची शेपटी गिळली जाते, मग तिसरी टाळी उशिरा पडते आणि शेवटी फेर तुटतो.

यावर उपाय ओळ विरळ करण्याचा. चलतीसाठी ‘ये, आई, ये’ एवढेच लिहावे. ये, आ, ई, ये अशी चार अक्षरे, प्रत्येक पावलाला एक, तीन मात्रा लांबवलेली. दोन सेकंदांत चार अक्षरे म्हणजे सेकंदाला दोन. सुरुवातीच्या नऊ अक्षरांचा हिशेब सव्वादोनाचा होता. पाय दुपटीने धावतात, तोंड जवळजवळ त्याच चालीने राहते आणि चारही अक्षरांना दीर्घ स्वर असल्यामुळे आवाज मोकळा लागतो.

लय कुठे वाढवायची, हेही लिहिणाऱ्याने ठरवून द्यावे. कडव्याच्या मध्ये ढोल पुढे गेला, तर अनोळखी शब्द आणि नवी लय एकदमच येतात. टेक सगळ्यांना पाठ असते, म्हणून प्रत्येक वाढ टेकेवरच घ्यावी आणि एका वेळी थोडीच. गाणे कागदावर उतरले की ढोलीकडे नेण्याआधी चार पावले चालत, टाळ्या देत, ते दुप्पट लयीत मोठ्याने म्हणून पाहा. जो शब्द टाळीच्या मागे पडेल, तो कितीही आवडता असला तरी बदला.