गहू: फोटोवरून फुटव्यांची अवस्था आणि कांडी धरण्याची अवस्था कशी ओळखावी?

रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी फवारायचे असेल, तर ते गव्हाला भरपूर फुटवे आल्यावर, पण कांडी धरण्यापूर्वी फवारावे लागते. कांडी धरल्यानंतर फवारणी झाली तर ओंब्या वेड्यावाकड्या निघतात, काही पोटरीतच अडकतात. हे नुकसान महिनाभराने दिसते, तेव्हा काहीच करता येत नाही. म्हणून सल्ल्यासाठी फोटो पाठवताना किंवा आलेला फोटो पाहताना पहिला प्रश्न हाच असावा: पिकाने कांडी धरली आहे का?

सर्वसाधारणपणे वेळेवर पेरलेला गहू पेरणीनंतर ४० ते ४५ दिवसांनी कांडी धरतो. उशिरा पेरलेल्या गव्हाला वाढीच्या काळात ऊन लवकर लागते आणि तो या अवस्थेला काही दिवस आधीच पोहोचतो. त्यामुळे केवळ दिवस मोजून निर्णय घेऊ नका.

उभ्या पिकाचा फोटो का पुरत नाही?

बांधावर उभे राहून काढलेल्या फोटोत फक्त पाने दिसतात. पाने सरळ उभी झाली की पीक कांडीवर आले असे वाटते, पण तो उंचवटा बहुतेक वेळा एकात एक गुंडाळलेल्या पानांच्या आवरणांचा असतो. खरी कांडी त्याच्या आत असते. फुटव्यांचेही तसेच आहे. एकाच जागी दोन-तीन दाणे पडले असतील तर वरून ते एकाच रोपाचे फुटवे वाटतात.

फोटो असा काढा

१. बांधाकडेच्या ओळी सोडून शेतात तिरपे चालत वेगवेगळ्या ठिकाणची १० रोपे मुळासकट उपटा आणि मुळे धुवा.

२. जोडलेली रोपे वेगळी करा. प्रत्येक रोपाची मुळे स्वतंत्र असतात. फुटवा मात्र त्याच रोपाच्या बुडातून, खालच्या पानाच्या बगलेतून निघतो.

३. प्रत्येक रोपाचा सर्वांत जाड, उंच मुख्य दांडा निवडा. ब्लेडने तो बुडापासून वरपर्यंत मधोमध उभा चिरा.

४. गडद कापडावर चिरलेला दांडा ठेवा, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि मोबाईल बरोबर वर धरून जवळून फोटो घ्या. रोप तिरपे धरून काढलेल्या फोटोत लांबी चुकते.

फोटोत काय पाहावे?

चिरलेल्या दांड्यात बुडाशी, जिथून मुळे फुटतात तिथे, पेरे अगदी दाटीने एकावर एक असतात. त्यांना पहिले पेर समजू नका. ही चूक नेहमी होते आणि पीक आहे त्यापेक्षा पुढे गेल्यासारखे वाटते. त्याच्या वर दांडा पोकळ होऊन पुन्हा भरीव, हिरवट आडवा पडदा दिसतो. तो पहिल्या पेराचा. बुडापासून या पडद्यापर्यंतचे अंतर १ सेंमी किंवा जास्त असेल तर पहिले पेर सुटले, म्हणजे पिकाने कांडी धरली. अंतर त्यापेक्षा कमी असेल, पण बुडापासून आतल्या इवल्याशा ओंबीच्या टोकापर्यंत १ सेंमी भरत असेल, तर पीक कांडीच्या उंबरठ्यावर आहे. यापैकी काहीच नसेल तर पीक अजून फुटव्यांत आहे.

एक उदाहरण

समजा, डिसेंबरच्या मध्यास पेरलेल्या गव्हाला ३६ दिवस झाले. दिवसांवरून पाहिले तर फवारणीला अजून वाव आहे असे वाटते, वरून काढलेल्या फोटोतही दाट हिरवे फुटवे दिसतात. पण चिरलेल्या १० दांड्यांपैकी ६ मध्ये पहिला पडदा बुडापासून दीड सेंमीवर आहे, ४ मध्ये तो १ सेंमीच्या आत आहे. निम्म्याहून अधिक रोपे ज्या अवस्थेत पोहोचली, ती शेताची अवस्था धरावी. म्हणजे हे शेत कांडी धरण्याच्या अवस्थेत आहे. इथे २,४-डी फवारू नका, तण खुरपणीने काढा. कांडी धरताना द्यायचे पाणी मात्र ४० दिवस भरण्याची वाट न पाहता आत्ताच द्या.

निकाल पाच-पाच असा अगदी मध्यावर आला तर आणखी १० रोपे चिरून पाहा. ती सोय नसेल तर पीक कांडीवर आले असेच धरून चाला.

फोटो पाठवताना

चिरलेल्या सर्व दांड्यांचे फोटो पाठवा, निवडक चांगले नकोत. सोबत पेरणीची तारीख, वाण आणि शेवटच्या पाण्याची तारीख लिहा. फोटो आणि दिवस यांचा मेळ बसत नसेल, तर चिरलेल्या दांड्यावर विश्वास ठेवा.