पीक-कापणी प्रयोगातील अभिनती व प्रचरण

पीक-कापणी प्रयोगातील अभिनती व प्रचरण : एकाच अज्ञात राशीचे दोन आकलक तोलताना प्रत्येकाची सत्य मूल्यापासूनची पद्धतशीर च्युती (अभिनती) आणि प्रयोगागणिक होणारी चलबिचल (प्रचरण) यांचा एकत्रित विचार करावा लागतो. अभिनतीचा वर्ग व प्रचरण यांची बेरीज म्हणजे माध्य वर्ग त्रुटी.

भारतात हा प्रश्न पिकांच्या उताऱ्यावरून ऐरणीवर आला. प्रशांतचंद्र महालनोबीस यांचा भर लहान वर्तुळाकार तुकड्यांवर होता, कारण ते स्वस्त पडत व पुष्कळ घेता येत. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४६ मध्ये नेचर  या नियतकालिकात लहान तुकड्यांमुळे उतारा फुगतो, असे दाखविले.

याचे कारण कडेला असते. सीमेवरील ताटे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो. ६० सेंमी. त्रिज्येच्या वर्तुळात सभोवार ५ सेंमी. पट्टी जास्त धरली गेली, तर क्षेत्र १७ टक्क्यांनी वाढते, १० मी. × ५ मी. तुकड्यात तीच चूक जेमतेम ३ टक्क्यांची ठरते.

परभणी जिल्ह्यातील ज्वारीचे एक कल्पित उदाहरण घेऊ. खरा उतारा हेक्टरी ८०० किग्रॅ. आहे. लहान तुकड्याची अभिनती ८० व प्रमाण विचलन ४०० किग्रॅ., तर मोठ्याची अभिनती शून्य व प्रमाण विचलन ३०० किग्रॅ. मानू. एका मोठ्या तुकड्याच्या खर्चात चार लहान तुकडे होतात. एका महसूल मंडळात १६ लहान तुकडे घेतल्यास प्रचरण १०,००० व अभिनतीचा वर्ग ६,४००, म्हणून त्रुटी १६,४०० होते. ४ मोठ्यांची त्रुटी २२,५०० भरते. येथे सदोष आकलकच सरस ठरतो. जिल्ह्यासाठी मात्र ४०० लहान तुकड्यांचे प्रचरण ४०० पर्यंत उतरले, तरी ६,४०० जागचे हलत नाहीत व त्रुटी ६,८०० राहते. १०० मोठ्यांची केवळ ९०० होते. वाद बव्हंशी याच अंतराचा होता.

लहान तुकड्यांचे आकडे परस्परांशी जुळतात म्हणून ते खरे ठरत नाहीत, कारण सर्वांत समान असलेली चूक त्यांच्या विखुरणीत उमटत नाही. ती ओळखण्यासाठी त्याच शेताची संपूर्ण कापणी करून तुलना करावी लागते.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत मंडळाचा कापणी-उतारा उंबरठा उत्पन्नाशी ताडून भरपाई ठरविण्याची पद्धत आली. उतारा फुगला, तर नुकसान झालेला शेतकरी भरपाईला मुकू शकतो. उंबरठाही त्याच पद्धतीच्या मागील वर्षांच्या आकड्यांवरून काढला असेल, तर समप्रमाणातील अभिनती तुटीच्या गुणोत्तरातून निघून जाते. तुकड्याचा आकार मध्येच बदलल्यास मात्र ती उघडी पडते. थोड्या प्रयोगांचे प्रचरण असे कटत नाही.